सडा

(दीर्घकविता विभाग, द्वितीय वर्ष कला)

सूचनाफलकावर लावलंय,
दीर्घकविता, शब्दमर्यादा १२००.
आण्णा चिरे मोजतात, नगावर मजुरी.
आई सीझनला आंबा मोजते, डझनावर पेटी.
या घरातून पहिल्यांदाच
कुणीतरी शब्द मोजून द्यायचेत.
रात्री वही घेऊन बसले
आणि पहिल्याच ओळीला अडले,
माझ्याकडं एकेक शब्द दोनदा आहे.
तो एकदा धरायचा की दोनदा,
सरांना विचारायचं राहिलं.

*

सडा.
मंगळवेढ्याकडं सडा म्हणजे
पहाटेचा आईचा हात,
शेण कालवलेली बादली,
मातीवर पडणारं पाणी, सपक, सपक,
आणि मागून उठणारा तो वास
ज्यानं मला जाग यायची.
टँकर आला नाही त्या आठवड्यात
ती तांब्याभर पाण्यात सडा मारायची,
उंबऱ्यापुढं, दोन पावलांपुरता.
पण चुकवायची नाही.

मी नऊ वर्षांची होते.
एसटीतून उतरलो तेव्हा रात्र होती.
मुकादम म्हणाला, "खोली सड्यावर हाय."
मला वाटलं, कुणीतरी आपण येणार म्हणून
दारात सडा मारून ठेवलाय.

सकाळी उठून बघते तर
सडा म्हणजे उघडा कातळ,
नजर जाईल तिथवर काळा,
आणि खाली, खूप खाली,
निळं काहीतरी हलत होतं.
आईनं बादली भरली.
शेण मिळेना.
तिनं नुसतं पाणी मारलं कातळावर,
ते उताराला लागलं आणि निघून गेलं.
वास उठला नाही.
ती रिकामी बादली घेऊन
बराच वेळ उभी होती.
मी ते पाहिलंय. हे तिला माहीत नाही.

*

खळं.
तिकडं खळ्यात मालदांडीची मळणी चालायची,
मधे तिवडा, भोवती बैलांची पात,
आज्या वारं बघून उफणायचा
आणि त्याच्या भुवयांवर भुसकट बसायचं.
इथं खळं म्हणजे घरापुढचं अंगण,
वर मांडव, खाली सुपारी वाळत घातलेली.

मळा.
तिकडं विहिरीला पाणी टिकलं तरच मळा.
इथं मळा म्हणजे डोंगराखालची भातखाचरं,
लावणीला पोटरीपर्यंत चिखल.
पहिल्या वर्षी आई लावणीला गेली,
रोप हातात धरून विचारलं,
"एवढ्या पाण्यात हे कुजत न्हाई?"
शेजारच्या काकी म्हणाल्या,
"गो बाय, पाण्यातच तर जगता ता."

आणि पावस.
स्टँडवर गाडीची पाटी मी वाचली,
आईनं ती दोनदा वाचून घेतली.
"गावाचं नावच पावस?"
"व्हय."
"मग हितली लेकरं कधी तहानली नसतील."

तहानतात, आई.
तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथं,
आपल्याकडच्या पाच-सहा पट,
आणि तो उताराला लागून समुद्रात जातो,
तुझ्या त्या पहिल्या बादलीसारखा.
मे महिन्यात सड्यावरच्या विहिरी तळ दाखवतात,
हंडे रांगेत बसतात.
पहिल्या मेमध्ये त्या रांगेत तू उभी राहिलीस
आणि तिथंच तुला पहिली मैत्रीण मिळाली.
रांगेत उभं कसं राहायचं
हे तुला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

*

आता दगडाचं.
यावर जास्त शब्द जाणार, जाऊ देत.

आज्यानं १९७२ ला
पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली.
सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ला,
आणि मेला तोवर
मिलो हा शब्द निघाला की तोंड फिरवायचा.

त्याच्याही कितीतरी आधी
आमच्याच मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना
भिंत कोसळली
आणि चोखोबा गाडले गेले,
बरोबरचे मजूरही.
नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं म्हणतात,
ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं
ते चोखोबांचं.
पंढरीत महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे,
आई तिथं डोकं टेकवते, मीही टेकवलंय.
पण मला दरवेळी ती दुसरी हाडं आठवतात,
कानाला लावून खाली ठेवलेली.
त्यांचं गाव कोणतं होतं?
कुणाच्या लेकरांनी वाट बघितली?

आण्णा चिरेखाणीत आहेत.
मशीनचं पातं कातळावर रेघा मारत जातं,
मग पहार घालून चिरा सुटा करायचा,
उचलायचा, रचायचा, पुढचा.
दुपारी तिथं सावली अशी नसतेच,
रचलेल्या चिऱ्यांची पडेल तेवढीच.
संध्याकाळी घरी येतात तेव्हा
भुवया लाल, पापण्या लाल,
कानाच्या पाळीमागं लाल.
आंघोळीचं पाणी न्हाणीतून बाहेर पडतं
ते आधी लाल, मग गुलाबी,
मग पाण्यासारखं.
लहानपणी मी त्या मोरीशी बसून
पाणी स्वच्छ होईपर्यंत बघायचे,
की आता आण्णा निघाले त्यातून.

एकदा त्यांनी सांगितलं,
चिरा खाणीतनं काढला की ओला असतो, मऊ,
नखानं खरवडंल असा.
वारं लागलं, ऊन लागलं,
की घट्ट होत जातो.
मग त्यावर घर उभं राहतं.
ते चिऱ्याबद्दलच सांगत होते.

*

पावसाळ्यात खाण बंद.
बाकीची बिऱ्हाडं गावाला जातात,
आमचंही जायचं.
तिसऱ्या वर्षी एका घराला
राखणीला माणूस हवं होतं,
घरवाले मुंबईत.
दिवा लावायचा, झाडलोट करायची,
पावसाआधी कौलं परतायची.
आम्ही राहिलो.
त्या वर्षी मला कळलं
की या सगळ्या वाडीत
कुलूप नसलेली घरं सात आहेत.
जिथं आम्ही पोट भरायला आलो
तिथून पोटासाठीच माणसं निघून गेली होती.

गणपतीत घरवाले येतात.
आम्ही पडवीत सरकतो,
माजघर त्यांचं, देव त्यांचे,
आरतीला मात्र आम्हीही.
खरं सांगायचं तर
ते पाच दिवस मला आवडतात.
घर बोलतं.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे.
घरवाल्या काकांचे वडील
ती घेऊन बोटीनं गेले होते,
भाऊच्या धक्क्याला उतरले,
गिरणीत लागले,
एका खोलीत पाळीपाळीनं झोपले.
झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव आहे,
अर्धं पुसलेलं,
आणि खाली जिल्हा रत्नागिरी
अजून स्पष्ट.

त्या ट्रंकेत आई ज्वारी ठेवते.
इथली हवा दमट, धान्याला पोरकिडे लागतात,
पत्र्यात ती टिकते.
विचारून ठेवलेली नव्हती.
त्या गणपतीत काका माळ्यावर चढले,
समया काढायला,
आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.
आई खाली शिडी धरून उभी होती.
तिची शिडीवरची बोटं पांढरी पडली.

मी वर गेले.
काकांचा हात मनगटापर्यंत ज्वारीत होता.
ते काही शोधत नव्हते,
नुसता हात घालून बसले होते.
"कुठची गो?"
"मंगळवेढ्याची. मालदांडी."
मूठभर वर काढली, सोडली,
परत काढली, परत सोडली.
म्हणाले, "बाबा यातनं तांदूळ न्यायचे.
मुंबईला.
तिकडचा भात त्यांना शेवटपर्यंत गिळला नाही."
मग झाकण लावलं,
नावावरची धूळ तळव्यानं पुसली
आणि खाली येऊन आईला म्हणाले,
"असू दे ती तिथंच, वहिनी."

आईनं संध्याकाळी
घरात होते तितक्या माणसांना
भाकरी थापल्या.

*

पहिलं असणं म्हणजे काय,
तर पुढं कुणी नसणं
ज्याला विचारावं.
फॉर्मवर कायमचा पत्ता लिहायचा असतो,
आण्णा म्हणतात तिकडचा लिही,
आई गप्प बसते.
वर्गात मला घाटावरची म्हणतात,
गावाला गेलं की चुलतभावंडं कोकणी म्हणतात,
आणि दोन्हीकडं मी हसून ओ देते.
घरात "कुटं गेलतीस" ऐकायचं,
उंबरा ओलांडला की "खुठं गेलेलंस गो".
दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर तयार असतं,
पण झोपेत मी कुठलं बोलते
हे आईला विचारायचं धाडस झालेलं नाही.

आज्जी माळकरी आहे.
माझ्या डब्यात मालदांडीची भाकरी
आणि बांगड्याचं तिखलं असतं,
हे तिला सांगितलेलं नाही.
त्या दोन चवी एकमेकींना इतक्या लागू पडतात
की कधीतरी तिला सांगायलाच हवं.

बागेत राखणीला नेपाळचा दादा आहे.
कलमांखाली रात्री बॅटरी घेऊन फिरतो.
एकदा मोबाईलवर त्यानं मुलगी दाखवली,
शाळेच्या ड्रेसमधली.
मी विचारलं, तिला इकडं आणणार?
तो म्हणाला, "पढेगी वो."
एवढंच.
आण्णा आणि तो शेकोटीला बसतात,
एकाची मराठी, एकाची हिंदी,
दोघांची मोडकी,
आणि बोलणं कधी अडलेलं ऐकलं नाही.

मिऱ्या बंदरापासून नागपूरकडं
जो महामार्ग जातो,
तो हातखंबा, आंबा घाट, कोल्हापूर, मिरज,
सांगोला करत
आमच्या मंगळवेढ्यावरून जातो.
माझी दोन्ही घरं एकाच डांबराला लागून आहेत.
कॉलेज सुटल्यावर स्टँडवर
सोलापूरची गाडी उभी दिसली
की मी तिच्या चाकांकडं बघते,
तिकडची पांढुरकी धूळ
अजून लागलेली असते का म्हणून.
कधी असते.

*

शब्द संपत आलेत.
आईबद्दल लिहायचं होतं ते बरंच राहिलं,
तिच्या हातांना आंब्याचा चीक लागून
पडलेले काळे डाग,
तिला आता येत असलेली आंबोळी,
पहिल्यांदा समुद्राला पाय लावताना
तिनं आधी वाकून नमस्कार केला होता, ते.

यंदा मृगाचा पाऊस रात्री आला.
कौलांवर इतका
की बोलणं ऐकू येईना.
सकाळी आण्णा म्हणाले, चल.
आम्ही खाणीवर गेलो.
सरळ उभ्या कापलेल्या लाल भिंती
आणि तळाला पाणी,
गढूळ, तांबडं, अजून चढणारं.

ते काठावर उभे राहिले.
टोपी काढून हातात घेतली.
म्हणाले, "हीर भरली."

खाण म्हणायचं होतं त्यांना.
मी विचारलं,
"आपली किती परस होती, आण्णा?"
"सात. आटली तवा सात."
"आणि ही?"

त्यांनी एक लाल खडा उचलला,
पुढं झुकून सोडला,
आणि आम्ही दोघं
पावसात कान देऊन उभे.