तपकिरी लेदर हँडबॅगच्या मुख्य चित्रासाठी प्रॉम्प्ट

ऑनलाइन फॅशन दुकानाच्या विक्रीपानासाठी एका लेदर हँडबॅगचं हुबेहूब फोटोसारखं चित्र. बॅग गर्द तपकिरी, ३२ सेंमी रुंद, २४ सेंमी उंच, बुडाशी १२ सेंमी खोल. वर दोन गोल मुठी, तोंडाला चेन. बॅग किंचित वळवलेली, म्हणजे पुढची बाजू पूर्ण आणि उजवी बाजू थोडी दिसेल. १०० मिमी लेन्स, एफ ११, पुढच्या मुठीपासून मागच्या कडेपर्यंत सगळं स्पष्ट.

सगळा जीव लेदरमध्ये हवा. घेणाऱ्याला बॅगेला हात लावता येत नाही, त्याच्या बोटांचं काम या चित्रानं करायचं आहे. फुल-ग्रेन लेदर, उठावदार दाण्यांचं. दाणे लहानमोठे, वेडेवाकडे. समोरच्या भागात टपोरे, कोपऱ्यांवर लेदर ताणलं जातं तिथे चपटे. मुठीच्या वळणावर आतल्या बाजूनं बारीक सुरकुत्या. दाण्यांचे माथे जरा फिके, मधल्या खाचा गडद. एकच नक्षी पुन्हा पुन्हा छापल्यासारखी दिसली की लेदरचं रेक्झिन होतं. तसं चित्र चालणार नाही.

त्यासाठी उजेड डावीकडून, लांबट सॉफ्टबॉक्सचा, पृष्ठभागाला घासून जाणारा तिरपा, म्हणजे प्रत्येक दाण्याची इवलीशी सावली उजवीकडे पडेल. उजवीकडे पांढरा पुठ्ठा, सावलीतला रंग काळा पडू नये इतपत. लेदरची चमक मेणासारखी मऊ, ओली किंवा तेलकट नाही.

शिलाई: मुठींवर हातानं घातलेले तिरपे टाके, बाकी बॅगेवर मशीनचे सरळ. टाका सुमारे ३ मिमी, कडेपासूनचं अंतर शेवटपर्यंत सारखं. दोरा मेण लावलेला, लेदरपेक्षा एक छटा फिका. टाके लेदरवर तरंगायला नकोत: दोरा भोकात शिरतो तिथे लेदर किंचित दबलेलं, दोन भोकांच्या मध्ये हलकं फुगलेलं. कोपऱ्यावर शिलाई वळते तिथे टाके मोजता यावेत. कापलेल्या कडा गुळगुळीत रंगवलेल्या.

धातू म्हणजे ब्रश केलेलं पितळ: मुठींच्या कड्या, रिव्हेट, चेनची ओढणी, बुडाचे चार पाय. आधीच्या चित्रांत कड्या सोनेरी प्लास्टिकसारख्या आल्या होत्या, कारण त्यांत कशाचंच प्रतिबिंब नव्हतं. म्हणून प्रत्येक कडीवर सॉफ्टबॉक्सची एक लांब उजळ रेघ, तिच्या शेजारी काळ्या पुठ्ठ्याची गडद पट्टी, म्हणजे गोलाई कळेल. ब्रशच्या रेषा बारीक, आणि चमक त्या रेषांना आडवी पसरलेली. सर्वांत उजळ जागीही पितळाचा पिवळेपणा शिल्लक राहावा, पांढरा डाग नको. कडी लेदरला टेकते तिथे तिची सावली आणि तपकिरी रंगाची हलकी झाक.

पार्श्वभूमी निखळ पांढरी, बुडाखाली मऊ सावली. चौरस चित्र, २००० बाय २००० पिक्सेल, चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग बॅगेनं व्यापलेला. अक्षरं, लोगो, हात, फुलं, दुसरी कुठलीही वस्तू नको.