विषय: ठाणे खाडीतल्या तिवरांबद्दल एकच प्रश्न – जागा वाढवू की चौकोन?

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी सायली, मुंबईत एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपली माझी ओळख नाही. ऑस्ट्रेलियातल्या तिवरांवरच्या आपल्या ऑनलाइन व्याख्यानात Avicennia marina म्हणताना आपण एकदा सहज ‘आपल्याकडची तिवर’ म्हणालात, म्हणून मराठीत लिहिण्याचं धाडस करते आहे.

भरतीबरोबर आलेलं प्लॅस्टिक तिवरांच्या श्वसनमुळांत अडकून बसतं. त्या आच्छादनाखाली खेकड्यांची बिळं कमी होतात का, हे मी ऐरोलीच्या बाजूला पाहते आहे. कामाची परवानगी विभागामार्फत घेतली आहे. तीन जागा, प्रत्येक जागी एक मीटरचे दहा चौकोन. प्लॅस्टिकने किती टक्के चिखल झाकलाय ते टिपते, मग ते हलकेच उचलून खालची बिळं आणि मुळं मोजते आणि पुन्हा होतं तसं ठेवते.

अडचण अशी की सगळ्यांत जास्त प्लॅस्टिकची जागा नाल्याच्या तोंडाशी आहे. तिथली बिळं खरोखरच विरळ आहेत, पण ती प्लॅस्टिकमुळे की नाल्याच्या पाण्यामुळे, हे माझ्या आकड्यांतून सांगता येत नाही. शिवाय हर्लबर्ट यांचा सूडोरेप्लिकेशनवरचा 1984 चा लेख वाचल्यापासून एकाच जागेवरच्या दहा चौकोनांना दहा स्वतंत्र नमुने म्हणायला मन धजत नाही. आमच्या सरांच्या मते तीस चौकोन पुरेत. मला मात्र माझ्याकडे खरे नमुने तीनच आहेत असं वाटतं.

खालच्या कडेचा चिखल उधाणाच्या ओहोटीलाच पुरता उघडा पडतो आणि हाताशी जेमतेम दोन तास असतात. प्रबंध देण्याआधी अशा चारच फेऱ्या उरल्या आहेत. म्हणून प्रश्न एवढाच:

या चार फेऱ्यांत मी नाल्यापासून दूरच्या नव्या जागा घेऊन प्रत्येकी तीन-चारच चौकोन करावेत, की आहेत त्याच तीन जागांवर चौकोन वाढवावेत?

‘जागा’ किंवा ‘चौकोन’ एवढा एक शब्द आला तरी मला पुढच्या फेरीची आखणी करता येईल. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल. याबद्दल वाचण्याजोगा एखादा लेख सुचवलात तर तो मी स्वतः शोधून वाचेन. आपल्याला उघडत बसावं लागू नये म्हणून फाइल जोडलेली नाही. तीसही चौकोनांचे आकडे एका पानात मावतात, हवे असल्यास लगेच पाठवते.

आपल्याला सवड नसेल तर उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन, पुन्हा मेल करून त्रास देणार नाही. त्या व्याख्यानात आपण बिळांमुळे चिखलात हवा कशी खेळते ते दाखवलंत, तेव्हापासून खाडीवर गेले की आधी नजर खाली जाते. त्याबद्दल मनापासून आभार.

आपली नम्र,
सायली
एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष
मुंबई