विषय: अश्विनी, वेलकम! ३ ऑगस्टचा पहिला आठवडा, अॅक्सेस आणि कोणाकोणाला भेटायचंय

हाय अश्विनी,

सोमवारी येतेयस, टीममधले सगळे वाट बघतायत. ऑफर लेटर, पॉलिसी वगैरे सगळं स्नेहलने एचआरकडून पाठवलंच असेल, हा मेल फक्त पहिल्या आठवड्याचा आहे, थोडा लांब झालाय पण शुक्रवारी संध्याकाळी निवांत वाचलास तरी चालेल. आपल्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, फक्त जगताप सरांना सर म्हणतो आणि कविताताईंना ताई, ते कोणी शिकवलेलं नाही, आपोआपच होतं.

सोमवार, ३ ऑगस्ट

साडेनऊला ये, त्याआधी नको कारण रिसेप्शनवर पास काढून देणारं कोणी नसतं. तू कोथरूडला राहणार म्हणालीस, तर वनाज किंवा आनंदनगरवरून मेट्रो पकड आणि सरळ कल्याणीनगरला उतर, मध्ये गाडी बदलायची नाही. स्टेशनपासून ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे. गाडी आणणार असशील तर पार्किंगचा स्टिकर मिळेपर्यंत बेसमेंटमध्ये सोडत नाहीत, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मेट्रोच बरी.

आल्यावर स्नेहलकडे कागदपत्रं. पॅन, आधार, कॅन्सल केलेला चेक आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर ओरिजिनल दाखवायला आण. एक काम मात्र घरूनच करून ये, ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरीमध्ये जुन्या कंपनीने तुझी एक्झिट डेट टाकलीय का बघ. ती नसली की पीएफ ट्रान्सफर तिथेच अडकतो, आणि तारीख आपली आपण टाकायची तर शेवटचं काँट्रिब्युशन जमा होऊन दोन महिने व्हावे लागतात, म्हणून आत्ताच जुन्या एचआरला मेल टाकलेला बरा. यूएएन जुनाच द्यायचा, नवीन काढायचा नाही. आणि एप्रिल ते जुलैचा पगार आणि कापलेला टीडीएस याचा आकडा स्नेहलला दे, नाहीतर आपलं पेरोल तुझं वर्ष ऑगस्टपासून सुरू झालं असं धरून कमी टॅक्स कापेल आणि रिटर्न भरताना एकदम बोजा येईल. टॅक्स रिजीम पण तिथेच विचारतील, काही सांगितलं नाहीस तर नवीन रिजीम धरतात, त्यामुळे घरभाडं, गुंतवणूक याचा हिशोब आधी मांडून ये. मेडिक्लेममध्ये आई-बाबांची नावं टाकायची असतील तर त्यांच्या जन्मतारखा आधार कार्डावर आहेत तशाच लागतात.

अकरापर्यंत हे संपेल, मग लॅपटॉप.

सिस्टिम अॅक्सेस

लॅपटॉप इम्रानकडून घ्यायचा, आयटीची खोली पँट्रीच्या शेजारी. तो तुझ्यासमोरच पहिला पासवर्ड सेट करायला लावेल आणि फोनवर ऑथेंटिकेटर अॅप जोडून देईल. त्याच वेळी जे रिकव्हरी कोड दिसतात ते कागदावर लिहून घरी ठेव, फोनमध्येच फोटो काढून ठेवला आणि फोन गेला तर दोन्ही गेलं. ईमेल, कॅलेंडर, स्लॅक आणि जिरा सोमवारीच चालू होतील. गिटलॅब आणि व्हीपीएन मंगळवारी दुपारपर्यंत, कारण त्याला तेजसचं अप्रूव्हल लागतं आणि तो सोमवारी रिलीजमध्ये असतो.

गिटलॅबसाठी की नवीन बनव, जुन्या कंपनीतली किंवा घरच्या मशिनवरची आणू नकोस:

```
ssh-keygen -t ed25519 -C "ashwini-office"
```

पासफ्रेज रिकामा ठेवायचा नाही. `.pub` नाव असलेली फाईलच प्रोफाईलमध्ये टाकायची, दुसरी कोणालाही पाठवायची नाही, अगदी इम्रानने मागितली तरी, आणि तो मागणारच नाही.

स्टेजिंग डेटाबेस मंगळवारपासून पूर्ण मोकळा आहे, तिथे काय हवं ते करून बघ, मोडलं तरी रात्री परत नव्याने भरला जातो. प्रॉडक्शनचा रीड-ओन्ली अॅक्सेस मात्र शुक्रवारी मिळेल, आणि तोही गुरुवारी दूध संकलन केंद्रावर जाऊन आल्यावरच. ही अट मी मुद्दाम ठेवलीय आणि टीममधल्या प्रत्येकाला ती लागू होती. आपल्या टेबलमध्ये `fat` नावाचा कॉलम नुसता एक दशांश आकडा दिसतो, पण तो आकडा कुठून येतो आणि त्यावर कोणाचं काय अवलंबून आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या डेटाला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

काही अडलं, परमिशन नाही म्हणाला, लॉगिन लॉक झालं, तर मला किंवा इम्रानला पर्सनल मेसेज टाकण्यापेक्षा `#help-access` वर टाक, तिथे जो मोकळा असेल तो लगेच करून देतो.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी सकाळी दहाला स्टँडअप, पंधरा मिनिटं, तू नुसतं ऐकायचंस. त्यानंतर ओंकार तुझ्याजवळ बसेल, तो तुझा बडी आहे, वर्षभरापूर्वी तोही असाच नवीन आला होता त्यामुळे नवीन माणसाला काय कळत नाही ते त्याला नीट माहितीये. लोकल सेटअप त्याच्यासोबत कर. रीडमी फाईलमधली एखादी स्टेप चालली नाही तर ती तूच दुरुस्त करून मर्ज रिक्वेस्ट टाक, तुझं पहिलं काम तेच.

बुधवारी अकरा ते एक जगताप सर. हा तास-दोन तास मला आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरांनी अख्खी नोकरी डेअरीत काढलीय, ते तुला दरपत्रक समजावून सांगतील. थोडक्यात असं की आपल्याकडे गाईच्या दुधाचा बेस दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीच्या दुधाचा ६.० आणि ९.० ला, एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, आणि तिथून प्रत्येक पॉइंटला दर वर-खाली होतो. किती ते प्रत्येक दूध संघाचं वेगळं, काही ठिकाणी खाली जाताना जास्त कापतात आणि वर जाताना कमी देतात, म्हणून दर कोडमध्ये कुठेही लिहायचा नाही, सगळा कॉन्फिगमधून येतो. राउंडिंगचं त्यांना नक्की विचार. प्रत्येक पावतीची रक्कम राउंड करून मग दहा दिवसांची बेरीज केली तर एक आकडा येतो, आणि बेरीज करून शेवटी राउंड केलं तर दुसरा, फरक रुपया-दोन रुपयांचा असतो पण शेतकरी घरी वहीत पावत्या लावून बेरीज करतो आणि त्याची बेरीज आपल्या बिलाशी जुळलीच पाहिजे. म्हणून आपण पावतीवर छापलेलीच रक्कम धरतो.

बुधवारी दुपारी तीनला कविताताई, सपोर्ट बघतात. त्यांच्याबरोबर तासभर हेडफोन लावून कॉल ऐक. गावातल्या दूध संस्थेचे सचिव फोन करतात ते बहुतेक वेळा काट्याची वायर, प्रिंटरचा रोल, नाहीतर 'संध्याकाळच्या एंट्र्या दिसेनात' यासाठी. तिसरं नीट समजून घे. गावात नेट जातं, एंट्री मशिनमध्येच राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरला पोचते, म्हणून आपण सकाळ-संध्याकाळचं सत्र मशिनवरचं धरतो, सर्व्हरला कधी पोचलं ती वेळ नाही. तुझ्या मुलाखतीत तू डुप्लिकेट रिक्वेस्टबद्दल छान बोलली होतीस, तेच इथे रोज होतं, एकच एंट्री तीनदा पाठवली जाते आणि ती एकदाच मोजली जावी लागते.

गुरुवार

मंचरजवळच्या एका संकलन केंद्रावर जायचंय. सकाळचं संकलन सहाच्या सुमारास सुरू होतं त्यामुळे ऑफिसची गाडी तुला सव्वाचारला घराजवळून घेईल, ड्रायव्हरचा मेसेज बुधवारी संध्याकाळी येईल. मी आणि ओंकार सोबत आहोत. रेनकोट आण, छत्री नको, आणि चिखलात चालतील अशा चपला, तिथे सारखी धुवाधुवी चालू असते त्यामुळे फरशी ओलीच असते.

तिथे तू फक्त काट्याजवळ उभी राहा आणि बघ. माणूस किटली घेऊन येतो, कोड सांगतो, सॅम्पल अॅनलायझरखाली जातं, दूध काट्यावरच्या भांड्यात ओततात, डिस्प्लेवर आकडे फिरतात आणि तो माणूस पूर्ण वेळ त्या डिस्प्लेकडेच बघत असतो. फॅट कालच्यापेक्षा कमी आली की लगेच विचारतो. मागे रांग असते, सचिवाला एका सभासदाला मिनिटभरही देता येत नाही, म्हणून आपल्या स्क्रीनवर माऊस लागत नाही, सगळं नंबरच्या बटणांवर चालतं. प्रश्न विचारायचे तर रांग संपल्यावर, नऊनंतर, सचिव चहा पाजतातच तेव्हा. त्यांना 'अहो-जाहो'नेच बोल आणि आपण सॉफ्टवेअरवाले आलोय म्हणून तक्रारी सांगायला लागले तर वाद न घालता लिहून घे, त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. दुपारी एकपर्यंत परत, तिथून सरळ घरी जा आणि झोप.

शुक्रवार

प्रॉडक्शनचा अॅक्सेस, आणि त्यात पहिलं काम म्हणजे गुरुवारी ज्या केंद्रावर गेलो तिथल्या सकाळच्या सत्राच्या एंट्र्या शोधून काढायच्या. तू स्वतः बघितलेल्या पावत्यांपैकी दोन-तीन आकडे वहीत लिहून आण आणि टेबलमध्ये जुळवून बघ. दुपारी बाराला रेश्मा, ती प्रॉडक्ट बघते, पुढच्या तीन महिन्यांत काय करायचंय ते तीच सांगेल. चारला माझ्याबरोबर अर्धा तास, अजेंडा काही नाही, काय समजलं काय नाही एवढंच.

या आठवड्यात तुझ्याकडून कोडची अपेक्षा नाही, खरंच नाही. सोमवारी १० तारखेला बिलाची पाळी संपते आणि ११ला सगळ्या संघांची बिलं निघतात, ते दोन दिवस टीमला मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे जे विचारायचंय ते याच आठवड्यात विचारून घे, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलास तरी कोणी काही म्हणणार नाही.

अजून एक नाव राहिलं, संतोषदादा. पँट्री, मीटिंग रूम, कुरिअर, जादा खुर्ची सगळं त्यांच्याकडे. सोमवारी आल्याआल्या त्यांना भेट, डबा आणणार की कँटीनला जेवणार ते सांग म्हणजे ते तुझं नाव घालतील. टीम एक वाजता एकत्रच जेवते.

शनिवारपर्यंत मला दोन गोष्टी रिप्लाय कर: लॅपटॉप लिनक्स हवा की मॅक, आणि गुरुवारी गाडी नक्की कुठे पाठवायची, जवळची खूण सांग कारण पहाटे विचारायला रस्त्यावर कोणी नसतं.

मेधा
टीम लीड, संकलन आणि बिलिंग