शेवटचं कबुतर

तोफगोळे पडू लागले तेव्हा दुपार झाली होती. सुरुवातीला कुणाला काही कळेना. मग लक्षात आलं, गोळे मागच्या बाजूने येताहेत. आपल्याच तोफा!

४ ऑक्टोबर १९१८. पहिलं महायुद्ध. फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात, शार्लव्होच्या घळीत मेजर व्हिटलसींची अमेरिकन तुकडी दोन दिवस जर्मन वेढ्यात होती. निरोप घेऊन गेलेला एकही माणूस पलीकडे पोचत नव्हता. उरली होती दोन कबुतरं. मेजरांनी पातळ कागदावर लिहिलं: आम्ही नकाशावरच्या २७६.४ ला समांतर रस्त्यालगत आहोत, आपल्याच तोफा थेट आमच्यावर मारा करताहेत, देवाशपथ, थांबवा.

कबुतरवाल्याने वेताच्या टोपलीत हात घातला. तेवढ्यात जवळच गोळा फुटला आणि पहिलं कबुतर त्याच्या मुठीतून निसटलं. निरोपाशिवाय गेलं.

आता एकच, शेर आमी. त्याने त्याला दोन्ही हातांत घट्ट धरलं. छातीचं धडधडणं बोटांना जाणवत होतं. कागदाची सुरळी नळीत सारली, नळी पायाला बांधली, दोनदा ओढून पाहिली. पक्ष्याला निरोपाचं काय कळणार! त्याला फक्त आपली ढाबळ ठाऊक असते, आणि ती चाळीस किलोमीटरवर रँपाँला होती. सगळी भिस्त त्या ओढीवर.

त्याने हात उंचावून सोडलं. शेर आमीने एक घिरटी घातली आणि समोरच्याच झाडाच्या फांदीवर जाऊन बसलं. पंख साफ करू लागलं.

"अरे जा! घरी जा!"

माणसं काटक्या फेकू लागली, दगड फेकू लागली. कबुतरवाल्यानेही दगड उचलला. या पाखराला तो रोज स्वतःच्या हाताने दाणे घालायचा. क्षणभर हात अडला. मग शेजारी कण्हणारा जखमी दिसला आणि त्याने दगड भिरकावला. नेम चुकला. कबुतर जरा सरकून पुन्हा बसलं. तेव्हा तो गोळ्यांच्या माऱ्यातच झाडावर चढला आणि फांदी गदागदा हलवली.

शेर आमी उडालं. उतारावरून जर्मन बंदुका कडाडल्या. ते हवेतच गडगडलं, खाली आलं, जमिनीला टेकणार एवढ्यात पंख सावरून पुन्हा वर चढलं आणि झाडांपलीकडे गेलं.

मारा चालूच होता. बराच वेळ. मग एक गोळा पडल्यावर दुसरा पडलाच नाही.

खंदकातून एकाने विचारलं, "अजून आहे का एखादं?"

"नाही," कबुतरवाला म्हणाला. "पण ते पोचलं." एवढं बोलून तो जखमीला पाणी शोधायला निघाला.