एंगेजमेंट लेटर: काजू युनिटच्या फूड सेफ्टी कामासाठी स्वतंत्र कन्सल्टंट म्हणून

कुडाळ, ८ सप्टेंबर २०२५

मंजिरीताई, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही युनिटवर येऊन गेलात, गर वाळवायच्या बोरम्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं फिरून बघितलंत आणि नंतर फोनवर आपलं जे ठरलं ते आता कागदावर घेतोय. वकिली भाषा मला जमत नाही, सीएंनी मुद्दे काढून दिले आणि ते मी आपल्या नेहमीच्या बोलण्यात लिहिलेत. भाषा साधी असली तरी हा आपला करारच आहे, म्हणून सावकाश वाचा आणि खटकेल तिथं पेन्सिलनं खूण करा.

सगळ्यात आधी, तुम्ही आमच्याकडं नोकरीला लागत नाही आहात. तुम्ही स्वतःचा व्यवसाय करता आणि आमची फर्म तुमची एक क्लायंट. हे मी एवढं ठासून लिहितोय कारण आमचे हात एकदा पोळलेत. पूर्वी एक सल्लागार होते, त्यांच्या कागदावर 'कन्सल्टंट' लिहिलेलं पण रोज सकाळी नऊला यायचे, मस्टरवर सही करायचे, रजेचा अर्ज द्यायचे, आणि शेवटी पीएफचा प्रश्न निघाला तेव्हा आमच्याकडं सांगायला काहीच उरलं नाही. तेव्हा कळलं की कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर भागत नाही, प्रत्यक्षात कोण कुणाच्या हुकमाखाली काम करतंय ते बघतात, आणि सुप्रीम कोर्टानं १९५६ साली धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यातही काम कसं करायचं यावर मालकाचा ताबा आहे का हाच मुद्दा धरला होता. म्हणून खाली लिहिलंय तसंच आपण वागायचं, दोघांनीही.

तुमचं नाव मस्टरवर येणार नाही. गेटवर व्हिजिटर रजिस्टरमध्ये एंट्री करायची, जशी बॉयलर इन्स्पेक्शनला येणारे करतात. यायची-जायची वेळ तुमची तुम्ही ठरवायची, आम्हाला फक्त दोन दिवस आधी कळवा म्हणजे त्या दिवशी कटिंग आणि सोलणं दोन्ही चालू ठेवता येईल. काम कसं करायचं, कुठल्या क्रमानं करायचं, घरी बसून किती आणि इथं येऊन किती, ते तुमच्यावर. लॅपटॉप, मॉइश्चर मीटर, थर्मामीटर तुमचे तुम्ही आणायचे. मदतीला असिस्टंट आणलात तरी चालेल, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे आणि त्याच्या कामाची जबाबदारीही तुमची. पगार, पगारी रजा, बोनस, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी यातलं काही नाही. व्यवसाय कर आम्ही कापणार नाही, वर्षाचा २,५०० रुपयांचा तुमचा तुम्ही भरायचा. आमच्या ग्रुप इन्शुरन्समध्येही तुम्ही नाही, तेव्हा अपघात विमा स्वतःचा असू द्या. पण आमच्या हलगर्जीपणामुळं, समजा वाफेच्या लाइनपाशी, काही झालं तर मी हात वर करणार नाही, ते आमच्यावर. आणि महिलांच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं संरक्षण इथं येणाऱ्या कुठल्याही बाईला आहे, ती नोकरीत असो वा नसो, त्यामुळं आमच्या अंतर्गत समितीचे दरवाजे तुम्हालाही उघडे आहेत.

फर्मच्या वतीनं सही करणं, माल मागवणं, कुणाला कामावर घेणं किंवा काढणं हे तुमच्या अधिकारात नाही. सोलायला बसणाऱ्या २६ बायकांना थेट हुकूम सोडायचा नाही, जे बदलायचं ते सुपरवायझरला सांगायचं आणि तो करून घेईल. तुम्हाला वाटेल काय हा सासुरवास, पण आतमधल्या कामावर तुमचे हुकूम चालायला लागले की तुम्ही बाहेरच्या कुठं राहिलात.

आता काम. एफएसएसएआयचं स्टेट लायसन आमच्याकडं आहे, पण शेड्यूल ४ प्रमाणं स्वच्छतेची व्यवस्था आणि रेकॉर्ड पाहिजे तशी नाहीत, आणि मुंबईचा एक मोठा खरेदीदार हॅसॅपची, म्हणजे मालात धोका कुठं शिरू शकतो आणि तो कसा रोखायचा याची फाइल बघितल्याशिवाय ऑर्डर वाढवणार नाही. तुम्ही चार गोष्टी करायच्या. पहिली, बी उतरवण्यापासून डबा सील होईपर्यंतची पाहणी आणि कुठं काय कमी आहे त्याचा लेखी रिपोर्ट, फोटोसकट. दुसरी, हॅसॅप प्लॅन आणि एसओपी मराठीत, कारण इंग्रजी एसओपी भिंतीवर लावला की तो भिंतीसाठीच राहतो. यात बोरम्यातलं तापमान आणि वेळ, सोललेल्या गराचा ओलावा, बुरशी आणि अफ्लाटॉक्सिनसाठी सॅम्पल कधी आणि कुठून घ्यायचं, टरफलाच्या तेलाचे हात गराला लागू नयेत म्हणून कटिंग आणि सोलण्याच्या बायकांची जाण्या-येण्याची वाट वेगळी कशी काढायची, आणि डब्ल्यू २४० नि डब्ल्यू ३२० या ग्रेडच्या डब्यांवर बॅच नंबर कसा टाकायचा म्हणजे तक्रार आली तर माल कुठल्या दिवसाचा ते कळेल, एवढं यायलाच पाहिजे. तिसरी, दोन-दोन तासांची तीन ट्रेनिंग, तीही सोलण्याच्या टेबलापाशी, हॉलमध्ये नको. चौथी, शेवटी एक मॉक ऑडिट आणि त्यात निघालेल्या चुका आम्ही दुरुस्त केल्या का याची एक फेरी.

काय नाही तेही लिहितो, नाहीतर नंतर 'हे पण जरा बघा ना ताई' सुरू होतं आणि ते बहुतेक माझ्याकडूनच होईल. लायसनचं रिन्यूअल, निर्यातीची कागदपत्रं, लेबलची डिझाइन, नवीन मशीनची खरेदी हे यात नाही. फॉसटॅक या फूड सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट एफएसएसएआयच्या पॅनलवरच्या ट्रेनिंग पार्टनरकडूनच मिळतं, ते आम्ही वेगळं करून घेऊ. लॅबची फी आम्ही एनएबीएल मान्यतेच्या लॅबला थेट भरू. जादा काम निघालं तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर काम आणि रक्कम दोन्ही लिहून माझा 'ओके' आला की मगच सुरू करायचं, तोंडी सांगितलेलं धरायचं नाही.

मुदत १५ सप्टेंबर २०२५ ते ३१ जानेवारी २०२६. यापुढं ढकलता येणार नाही, फेब्रुवारीत नवीन बी यायला लागली की इथं कुणाला मान वर करायला वेळ नसतो. या काळात युनिटवर निदान आठ फेऱ्या व्हाव्यात.

पैशाचं. एकूण फी २,४०,००० रुपये, महिन्यावर नाही तर कामावर. कामाला सुरुवात करताना ४०,०००, पाहणीचा रिपोर्ट दिल्यावर ६०,०००, एसओपी आणि तिन्ही ट्रेनिंग झाल्यावर ८०,०००, मॉक ऑडिटनंतरची फेरी झाली की उरलेले ६०,०००. प्रत्येक टप्प्याला तुमच्या व्यवसायाच्या नावानं बिल द्यायचं, त्यावर पॅन आणि उद्यम नंबर पाहिजे. रिपोर्ट किंवा एसओपी आल्यावर सात दिवसांत आम्ही काय ते सांगू, नाही सांगितलं तर मान्य केलं असं धरा, आणि बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे बँकेत. कॅश नाही.

तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून बिलात जीएसटी येणार नाही. मधेच नोंदणी झाली तर त्यानंतरच्या बिलांवर १८ टक्के वेगळे लावा, फीमधून नाही. टीडीएस मात्र पहिल्या बिलापासून कापणार. इन्कम टॅक्सच्या कलम १९४जे खाली, व्यावसायिक फी म्हणून १० टक्के, वर्षाची रक्कम ५० हजारांच्या वर जातेय म्हणून. म्हणजे पहिल्या ४०,००० चे हातात ३६,००० येतील आणि सगळे धरून २,१६,०००, बाकी २४,००० तुमच्या पॅनवर जमा झालेले २६एएस मध्ये दिसतील. पगाराचा फॉर्म १६ नाही, दर तिमाहीला १६ए मिळेल. त्या १६ए वरही तुम्ही नोकर नाही हेच दिसेल.

आम्ही उशीर केला तर? तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, त्यामुळं एमएसएमईच्या २००६ च्या कायद्याप्रमाणं बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं आणि ते आम्हाला मान्य आहे. कायदा जास्तीत जास्त ४५ दिवस देतो, आपण १५ च ठेवलेत. वर इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) मुळं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च आम्हाला प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षात दाखवता येतो, तेव्हा सीए माझ्या मागे लागतीलच, तुम्हाला लागायला नको.

प्रवास: रत्नागिरीहून कोकण रेल्वेनं आलात तर तिकिटाचे पैसे, स्वतःच्या गाडीनं आलात तर किलोमीटरला १२ रुपये, बिलाबरोबर वेगळे लिहायचे. मुक्काम करावा लागला तर आधी विचारायचं. दुपारचं जेवण आमच्याकडं, त्याचं बिल नाही. सोमवारी मासे मिळणार नाहीत एवढंच.

कागदांच्या मालकीचं जरा नीट वाचा. नोकरानं लिहिलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं पहिला मालक नोकरी देणारा असतो, पण तुम्ही स्वतंत्र, त्यामुळं एसओपी आणि रिपोर्ट मुळात तुमचेच होतात. म्हणून इथं लिहितोय की शेवटचे पैसे मिळाल्यावर आमच्यासाठी बनवलेल्या रिपोर्ट, प्लॅन आणि एसओपीचा कॉपीराइट तुम्ही आमच्या फर्मला देताय, कायमचा आणि जगभरासाठी, आणि आम्ही एक वर्ष न वापरल्यामुळं तो परत जाणार नाही. 'कायमचा' आणि 'जगभरासाठी' हे दोन शब्द घातले नाहीत तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. तुमचे जुने फॉरमॅट आणि चेकलिस्ट तुमचेच, आम्हाला आमच्या युनिटपुरते वापरता येतील.

दुसऱ्या काजूवाल्यांची कामं तुम्ही खुशाल घ्या, वेंगुर्ल्याची घ्या, शेजारच्या प्लॉटची घ्या, मी अडवणार नाही. फक्त आमचे खरेदीदार, बीचा भाव, कुणाकडून किती माल येतो आणि उतारा किती पडतो हे बाहेर जाता कामा नये, काम संपल्यावरही दोन वर्षं. ऑडिट पास होईलच याची हमी मी तुमच्याकडं मागत नाही, लायसन आमचं आणि जबाबदारीही आमची. तुमच्या चुकीनं आमचं नुकसान झालं तर भरपाई मिळालेल्या फीपेक्षा जास्त नाही, मुद्दाम केलेली फसवणूक सोडून.

कुणालाही थांबायचं असेल तर १५ दिवस आधी ईमेलवर कळवायचं. तोवर झालेल्या कामाचे पैसे टप्प्याच्या हिशोबानं मिळतील आणि अर्धवट कागद आहेत तसे आम्हाला द्यायचे. नोटीस पे वगैरे काही नाही, ते नोकरीत असतं. वाद झाला तर आधी समोरासमोर बसू, नाही मिटला तर कुडाळचं कोर्ट, आणि एमएसएमई कौन्सिलकडं जायचा तुमचा हक्क याने जात नाही.

दोन प्रती पाठवतोय, ५०० रुपयांच्या स्टॅम्पचा खर्च आमचा. पटलं तर दोन्हींवर सही करून एक १३ तारखेच्या आत परत पाठवा, सोबत पॅनची आणि उद्यम सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि एक कॅन्सल चेक. पहिलं बिल सहीबरोबरच पाठवलंत तरी चालेल.

आपला,
विलास
भागीदार, फर्मच्या वतीनं

वरचं सगळं वाचलं, मान्य आहे. मी स्वतंत्र व्यावसायिक म्हणून हे काम घेत आहे, फर्मची कर्मचारी म्हणून नाही.
मंजिरी, फूड टेक्नॉलॉजिस्ट, रत्नागिरी
११ सप्टेंबर २०२५