उद्या दहा वाजता

उद्यमबागेतल्या कारखान्यातून फोन आला तेव्हा नागेश नंदगडच्या शिवारात भाताला पाणी धरत होता. "नाळे हत्तु गंटेगे बन्नी, इंटरव्ह्यू इदे," बाई म्हणाल्या. कन्नड त्याला कळलं. इंटरव्ह्यूपाशी मात्र तो अडकला. इंटरव्ह्यू घेतात तो कुस्ती मारलेल्या पैलवानाचा, निवडून आलेल्या आमदाराचा. आयटीआयचा टर्नर ट्रेड नुकताच सुटलेल्या पोराला कोण काय विचारणार?

रात्री आज्जीनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"मला बघायला आलते तवा चालून दाखव म्हनले, नाव सांग म्हनले. तसंच असंल गा. मान वर करून बोल."

त्यानं काहीबाही पाठ केलं. सकाळी खानापूरहून बेळगावची एसटी धरली, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ उतरला. एसएसएलसीचं मार्क्स कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलं होतं. ऑफिसातल्या खुर्चीवर तो जेमतेम कडेला टेकला. आपल्याकडची पोरं फिरत्या लेथला भीत नाहीत, अशा खुर्चीला भितात. शिकवताना याची तयारी कुणी करून घेत नाही, हे मला फार लागतं.

"नाव?"

नाव सांगितलं. पुढचं पाठ केलेलं सगळं घशात राहिलं. सुपरवायझर थोडा वेळ थांबले, मग उठून म्हणाले, "चला, आत जाऊ."

आत कूलंटचा ओळखीचा वास आला आणि नागेशचे खांदे सैल झाले. सुपरवायझरनी एक शाफ्ट आणि व्हर्नियर पुढं केला. त्यानं आधी दोन्ही जबडे बोटानं पुसले, मिटवले, शून्यावर शून्य बसतंय का ते उजेडाकडं धरून पाहिलं. मग शाफ्ट तीन जागी मोजला, थोडा फिरवून पुन्हा मोजला.

"चोवीस पूर्णांक शहाऐंशी. पण या टोकाला चोवीस पूर्णांक नव्वद. टेपर आलाय, सर."

"कशानं येतो?"

"टेलस्टॉक लायनीत नसंल तर येतो. नाहीतर जॉब लांब असला की दाबानं वाकतो."

आता तो थांबेना. ड्रॉइंगवर टॉलरन्स किती दिलाय, हेही त्यानंच विचारलं. सुपरवायझर मराठीवर आले होते.

"सोमवारपासून ये. फर्स्ट शिफ्ट सहाला सुरू होते."

"सर, आमच्या गावातनं तेवढ्या पहाटे गाडी न्हाई."

"मग?"

"पिरनवाडीत मावशी हाय. तिच्याकडं राहतो."

"विचार तिला आधी. आणि मार्क्स कार्डाची झेरॉक्स बाईंकडं देऊन जा."

गेटाबाहेर येऊन त्यानं पहिला फोन मावशीला लावला, दुसरा घरी. आज्जी फोनवर ओरडूनच बोलायची.

"चालून दाखव म्हनले काय रं?"

"न्हाई आज्जे, मोजून दाखव म्हनले."