कटिंग चहा आणि न्यूटनचा कूलिंगचा नियम: एक गणित, पूर्ण सोडवून

एम-टूवाल्यांनो, हा प्रकार परीक्षेत दिसला की सोडायचा नाही, हातात आलेले मार्क आहेत. गणित असं घेऊ: कॅन्टीनमध्ये कटिंग आली तेव्हा चहा ८०°C होता, मे महिना, पंखा नावालाच फिरतोय, हवा ३०°C. ५ मिनिटांनी चहा ६०°C झाला. तर १० मिनिटांनी किती असेल, आणि ४५°C व्हायला किती वेळ लागेल?

नियम एवढाच, की वस्तू किती भराभर थंड होते ते ती आजूबाजूच्या हवेपेक्षा किती गरम आहे त्यावर ठरतं. चहाचं तापमान T, वेळ t मिनिटांत:

dT/dt = −k(T − 30), k > 0

मायनस का, तर T हवेपेक्षा जास्त असताना तो कमी व्हायला पाहिजे म्हणून. वायवाला हे हमखास विचारतात आणि निम्मी पोरं छताकडे बघतात.

आता T एका बाजूला, t दुसऱ्या बाजूला:

dT/(T − 30) = −k dt

इंटिग्रेट केलं की

ln(T − 30) = −kt + c

खरं तर ln च्या आत मॉड्युलस येतो, पण इथे चहा हवेपेक्षा गरमच आहे, T − 30 पॉझिटिव्ह आहे, म्हणून काढला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीचं गणित असेल तर असं डोळे झाकून काढू नका. दोन्हीकडे e चा घात घेतला की

T = 30 + A e^(−kt)

इंटिग्रेटिंग फॅक्टरने करायचं असेल तर dT/dt + kT = 30k असं लिनिअर लिहा, फॅक्टर e^(kt), उत्तर हेच येतं.

t = 0 ला T = 80, म्हणून A = 50. आणि t = 5 ला T = 60:

60 = 30 + 50 e^(−5k)
e^(−5k) = 30/50 = 0.6
k = (1/5) ln(5/3) ≈ 0.1022 प्रति मिनिट

सगळ्यात मोठा लोचा इथेच होतो. पोरं सरळ 60 = 80 e^(−5k) लिहून मोकळी होतात, ३० वजा करायचे राहतात आणि मग पुढचं सगळं चुकतं. e च्या पटीत कमी होतो तो फरक, चहा आणि हवेतला, चहाचं तापमान नाही. त्या चुकीच्या समीकरणात t खूप मोठा टाकून बघा, चहा ०°C कडे निघतो, म्हणजे मुंबईत टेबलावर ठेवलेल्या कटिंगचा बर्फ व्हायला आला! असं काही आलं की पेन थांबवायचं.

१० मिनिटांसाठी कॅल्क्युलेटर पण लागत नाही, कारण e^(−10k) म्हणजे 0.6 चा वर्ग:

T = 30 + 50 × 0.36 = 48°C

पहिल्या ५ मिनिटांत २० डिग्री उतरला म्हणून पुढच्या ५ मध्ये पण २० उतरेल आणि ४०°C होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण उतरला फक्त १२, कारण फरकच आता ५० चा ३० झालाय.

४५°C साठी:

15 = 50 e^(−kt)
t = ln(10/3)/k = 5 × ln(10/3)/ln(5/3) = 5 × 1.2040/0.5108 ≈ 11.8 मिनिटं

म्हणजे साधारण ११ मिनिटं ४७ सेकंद. k ची किंमत मध्येच राउंड करून 0.1 धरलीत तर 12.04 येतं, म्हणून शेवटपर्यंत ln मध्येच ठेवा. गंमत म्हणजे इथे चुकून ln ऐवजी log दाबलात तरी t बरोबरच येतो, कारण भागाकारात फॅक्टर कटतो, पण k विचारला असेल तर गेलात.

उत्तर तपासायला मी फरक मांडतो, दर ५ मिनिटांनी 0.6 पट: 50, 30, 18, 10.8. आपल्याला फरक 15 हवाय, तो 18 आणि 10.8 च्या मधे, म्हणजे वेळ १० ते १५ मिनिटांत यायलाच पाहिजे, आणि 18 च्या जवळ आहे म्हणजे १० च्या बाजूला. जुळलं.

आता हाच ग्लास २४°C च्या एसी लॅबमध्ये नेला तर? k तोच धरला (ग्लास तोच, चहा तेवढाच, वाराही तसाच असं मानून) तर T = 24 + 56 e^(−kt), १० मिनिटांनी 24 + 20.16, म्हणजे ४४.२°C. एवढ्या एसीत फरक चारच डिग्रीचा पडला. खरा चहा मात्र वाफेनेही उष्णता घालवतो, तो हिशोब या समीकरणात नाही, त्यामुळे थर्मामीटर घेऊन बसलात तर सुरुवातीला आकडे थोडे हलतील. बशीत ओतून प्यायलात तर k च बदलतो, ते गणित वेगळं.